निरोपाच्या मेलमधला पत्ता

नोकरीच्या शेवटच्या दिवशी सहकाऱ्यांना लिहायचा मेल बहुतेकांकडून सगळ्यांत शेवटी लिहिला जातो. लॅपटॉप ताब्यात घ्यायला आयटीवाला टेबलापाशी उभा असतो, ओळखपत्र अ‍ॅडमिनला द्यायचं असतं, कॉन्फरन्स रूममधून केक कापायला हाका येत असतात. त्या गडबडीत चार ओळी टाइप होतात, पूर्ण ऑफिसच्या ग्रुप आयडीवर जातात आणि माणूस मोकळा होतो. शेवटची ओळ ठरलेली असते : संपर्कात राहू.

त्या ओळीचं पुढे काय होतं, ते पाठवणाऱ्याला कधी कळत नाही. एचआरने शेवटची तारीख सिस्टिममध्ये भरलेली असते आणि त्यानुसार खातं बंद होतं. कुठे संध्याकाळी सहाला, कुठे मध्यरात्री, तर काही कंपन्यांत लॅपटॉप जमा केल्याबरोबर. दिवसभर मीटिंगमध्ये असलेला सहकारी रात्री घरी पोचल्यावर मेल वाचतो, दोन आपुलकीच्या ओळी लिहितो आणि रिप्लायचं बटण दाबतो. मिनिटभरात सर्व्हर त्याला कळवतो की असा पत्ता अस्तित्वात नाही. तो कळफलकावर दुसऱ्यांदा हात ठेवत नाही. इथे कुणाचीच वाईट भावना नव्हती, तरी संपर्क तिथेच संपला.

दुसरी शक्यता जास्त गमतीची, आणि जरा धोक्याचीही. अनेक ठिकाणी गेलेल्या माणसाचा पत्ता लगेच मारत नाहीत. ग्राहकांचे मेल हरवू नयेत म्हणून तो काही काळ त्याच्या साहेबांकडे वळवतात. म्हणजे मैत्रिणीने मोकळेपणाने ‘सुटलीस बाई एकदाची’ असं लिहिलं, तर ते वाक्य तिच्या बॉसच्या पेटीत जाऊन पडतं.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. आपलं खातं नेमकं किती वाजता बंद होणार, हे आयटीला आदल्या दिवशी सरळ विचारावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि मेल शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी जावा. तेवढ्याने उत्तर यायला अर्धा दिवस मिळतो, शिवाय वाचून कुणाला जागेवर येऊन भेटायचं असेल तर भेटता येतं. आठवडाभर आधी पाठवणंही बरं नव्हे. साहेबांनी टीमला अजून सांगितलेलं नसतं, तुमच्या जागी कोण येणार ते ठरलेलं नसतं, आणि पुढचे सात दिवस ‘अजून इथेच का?’ या प्रश्नाला उत्तरं देण्यात जातात.

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत वेळेचा एक वेगळाच पेच असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावून दिलेली एक अख्खी पिढी आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे रोजी निरोप समारंभांची रांग लागते. त्या दिवशी कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच्या हारांचे फोटो, दुसऱ्याचं मनोगत, तिसऱ्याला शुभेच्छा, असं सगळं एकत्र वाहत असतं. त्यात टाकलेला नवा नंबर दोन तासांत कुठल्या कुठे वर जातो. या मंडळींनी आपला निरोप ३० तारखेलाच लिहिलेला बरा.

आता तो कुणाला पाठवायचा? ग्रुप आयडी टाकला की काम झालं असं वाटतं. पण मोठ्या यादीचा स्वभाव फार वेगळा असतो. १४ ऑक्टोबर १९९७ रोजी खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये एका कर्मचाऱ्याला दिसलं की आपलं नाव ‘बेडलाम डीएल३’ नावाच्या कुठल्याशा अंतर्गत यादीत आहे. त्याने यादीलाच लिहून विचारलं की मला यातून काढाल का? यादीत सुमारे १३ हजार माणसं होती. कुणी ‘मलाही काढा’ असं सगळ्यांना लिहिलं, कुणी ‘सगळ्यांना उत्तरं देऊ नका’ असं सगळ्यांनाच लिहिलं. बघता बघता सुमारे दीड कोटी मेल तयार झाले आणि कंपनीची मेल यंत्रणा आडवी झाली. पुढे २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑनलाइन मेलसेवेत या उपद्रवावर बंधारा घातला. पाच हजारांहून जास्त लोकांच्या यादीवर तासाभरात दहा ‘रिप्लाय ऑल’ झाले, की पुढची उत्तरं चार तास अडवायची.

निरोपाच्या मेलने सर्व्हर पडत नाहीत, हे खरं. पण ‘ऑल द बेस्ट’, ‘वुई विल मिस यू’ असे साठ मेल पूर्ण ऑफिसच्या पेटीत गेले की एकसष्टावा माणूस ते न वाचता पुसून टाकतो आणि त्यांच्याबरोबर तुमचा मूळ मेलही जातो. यावर उपाय साधा आहे. ‘टू’च्या रकान्यात स्वतःचंच नाव घालायचं आणि बाकी सगळ्यांना बीसीसीत ठेवायचं. मग कुणी ‘रिप्लाय ऑल’ दाबलं तरी उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. त्यात आणखी एक सोय होते. मोजक्या लोकांत तुम्ही जे मनापासून लिहिता, त्याचं उत्तर देणाराही मनापासून लिहितो. चारशे जण बघत असताना तो फक्त अंगठा दाखवतो.

ऑफिसातली सगळी माणसं एका मापाची नसतात, तेव्हा एकच मेल सगळ्यांना पुरत नाही. रोज एकत्र डबा खाणारी पाच-सहा माणसं आणि कामापुरती ओळख असलेला मोठा गोतावळा, असे निदान दोन भाग करावे लागतात. डबा खाणाऱ्यांना मेलची गरजच नसते, त्यांच्याकडे नंबर असतो. मेल खरं तर त्या गोतावळ्यासाठी आहे, आणि त्याला कमी लेखू नये. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये विरळ ओळखींच्या बळावर एक निबंध लिहिला, जो अजून वाचला जातो. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नोकरी मिळवलेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, की ज्याने तुम्हाला खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारा, असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणारा म्हणणारे २८ टक्के. अनेकदा हा माणूस जुन्या कचेरीतला सहकारी किंवा जुना साहेब असायचा, ज्याच्याशी मधल्या काळात फारसं बोलणंही झालेलं नव्हतं. कारण उघड आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या अर्धवट ओळखीच्या माणसाकडे असते. निरोपाच्या मेलमधला पत्ता त्याच्यापर्यंत नीट पोचला पाहिजे.

हे सगळं एका उदाहरणावर लावून बघू. समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एक बाई खरेदी विभागात अकरा वर्षं आहेत आणि आज त्यांचा शेवटचा दिवस आहे. त्यांचा पहिला मसुदा असा :

‘नमस्कार मंडळी, आज माझा कंपनीतला शेवटचा दिवस. गेली अकरा वर्षं आपण सर्वांनी दिलेल्या प्रेमाबद्दल आणि सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. खूप काही शिकायला मिळालं. काही चुकलं-माकलं असल्यास माफ करा. संपर्कात राहू.’

आणि खाली, आपोआप येणारी ऑफिसची स्वाक्षरी : नाव, हुद्दा, टेबलाचा एक्स्टेन्शन नंबर आणि कंपनीने दिलेल्या सिमचा मोबाइल नंबर.

भावना खरी असेलही, पण हा मेल कारखान्यातला कुणीही कुणालाही पाठवू शकला असता. त्यात त्या बाई कुठेच नाहीत. शिवाय ज्या एका नंबरवर वाचणारा त्यांना शोधेल, तो नंबर संध्याकाळी कंपनीकडे परत जाणार आणि सोमवारी त्यांच्या जागी आलेल्याच्या खिशात वाजणार. ‘संपर्कात राहू’ असं म्हणून त्यांनी नकळत दुसऱ्याचाच पत्ता दिला.

आभाराची गोष्ट आधी घेऊ. आभार खरे वाटायला मोठे शब्द लागत नाहीत. कुणी, कधी, काय केलं आणि त्यामुळे माझं काय निभावलं, एवढं सांगितलं की पुरतं. पण इथे एक खाच आहे. मोठ्या मेलमध्ये पंधरा नावं घेतली की सोळावा दुखावतो, आणि तो सोळावा नेमका स्टोअरमधला असतो. म्हणून मोठ्या मेलमध्ये विभागांचे आभार मानावेत, तेही कामाचा प्रसंग सांगून. ज्या पाच-सात व्यक्तींचं देणं खरंच मोठं आहे, त्यांना दोन-दोन ओळींचा वेगळा मेल लिहावा. त्याला वेळ लागतो, म्हणून तो आदल्या संध्याकाळी लिहून ड्राफ्टमध्ये ठेवावा.

आणि फाटकावरचे वॉचमन काका, चहा देणारा मुलगा, फरशी पुसणाऱ्या मावशी यांचे आभार मेलमध्ये मानण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला नेहमी विचित्र वाटते. ही मंडळी बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराकडची असतात आणि त्यांना कंपनीचा मेल आयडीच नसतो. ते वाक्य त्यांच्यासाठी नसतंच, ते वाचणाऱ्या इतरांसाठी असतं. मावशींना जाऊन सांगावं. दोन मिनिटं लागतात.

आता पत्ता. मोठ्या गोतावळ्याला मोबाइल नंबर देऊ नये असं माझं मत आहे. मेल पुढे ढकलला जातो, त्याचे स्क्रीनशॉट निघतात, आणि नंबर एकदा बाहेर पडला की परत घेता येत नाही. त्यांना कायमचा वैयक्तिक मेल पत्ता द्यावा, हवं तर लिंक्डइनची लिंकही. नंबर फक्त त्या वेगळ्या, लहान मेलमध्ये. परदेशात गेलेल्या सहकाऱ्यासाठी नंबराआधी +९१ लावायला विसरू नये. ज्याला व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलायचं आहे त्याला पुढच्या साच्यातली लिंक देता येते. ती दाबली की नंबर साठवून न ठेवताही गप्पांची खिडकी उघडते :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

फुल्यांच्या जागी आपला दहा आकडी नंबर, मध्ये रेघ नाही, जागा नाही.

मेल पत्ता लिहिताना सगळ्यांत जास्त घात करते ती खालची रेघ. पत्त्यात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये अंडरस्कोअर असेल, तर मेल प्रोग्रॅम त्या पत्त्याची निळी लिंक करतो आणि लिंकच्या खालच्या रेघेत ती अंडरस्कोअर लपून जाते. छापून किंवा फोनवर वाचून घेणाऱ्याला तिथे मोकळी जागा दिसते. तसंच छोटा एल आणि एक, शून्य आणि ओ. जीमेलचा पत्ता असेल तर टिंबांची चिंता नको. नावातलं टिंब गाळलं किंवा भलतीकडे दिलं तरी जीमेल त्याच पेटीत टाकतं. पण अंडरस्कोअरला ही सवलत नाही. मेल पाठवण्याआधी त्या लिंकवर स्वतः क्लिक करून घरच्या पत्त्यावर ‘चाचणी’ एवढा एक शब्द पाठवून बघावा. पोचला तर बरोबर.

एवढं केल्यावरही माणसं सवयीने रिप्लायच दाबणार. त्यासाठी विंडोजच्या जुन्या आउटलुकमध्ये एक सोय आहे. नवा मेल लिहिताना Options या टॅबमध्ये Direct Replies To असं बटण असतं. तिथे आपला वैयक्तिक पत्ता घातला की या मेलला आलेलं उत्तर आपोआप त्या पत्त्यावर जातं. ऑफिसचं खातं बंद झालं असलं तरी. मात्र काही कंपन्या बाहेरच्या पत्त्यांवर जाणारे मेल अडवतात किंवा तपासतात, तेव्हा हे आधी विचारून करावं. आणि एक गोष्ट मुळीच करू नये. ऑफिसची सगळी अ‍ॅड्रेस बुक किंवा पुरवठादारांची यादी स्वतःच्या मेलवर पाठवायची नाही. राजीनामा दिलेल्या माणसाचे बाहेर जाणारे मेल मोठ्या कंपन्यांत बारकाईने पाहिले जातात, आणि ती माहिती तशीही कंपनीची असते. ग्राहक-पुरवठादारांना निरोप द्यायचा तर साहेबांना विचारून, नव्या माणसाची ओळख करून देण्याच्या निमित्ताने द्यावा.

वैयक्तिक पत्ता दिला की त्याची दुसरी बाजूही सांभाळावी लागते. तीन दिवसांनी फोन येतो : ताई, ती एक्सेल शीट कुठे ठेवलीय? त्या पुरवठादाराचं बिल का अडलंय? एखाद-दोनदा ठीक आहे, पण हे महिनाभर चालतं. म्हणून मेलमध्ये काम आणि माणूस यांचे रस्ते वेगळे करून द्यावेत. त्या चाकणच्या बाईंचा मेल हे सगळं धरून असा होतो :

‘नमस्कार. खरेदी विभागात अकरा वर्षं काम करून आज मी कंपनीचा निरोप घेत आहे.

स्टोअर आणि गुणवत्ता विभागाचे आभार मानल्याशिवाय जाववत नाही. दर मार्चअखेरीला गाडी फाटकात आणि चलन माझ्या टेबलावर अडकलेलं असायचं, तेव्हा रात्री थांबून आवक नोंदी तुम्ही पूर्ण करून दिल्या. लॉकडाऊननंतर जुने पुरवठादार हात वर करत होते, त्या महिन्यांत नव्या पुरवठादारांचे नमुने तुम्ही दोन-दोन दिवसांत तपासून दिले म्हणून लाइन बंद पडली नाही.

उद्यापासून खरेदी ऑर्डरींसाठी विभागाच्या सामायिक पत्त्यावर लिहावं. चालू ऑर्डरींची आणि अडलेल्या बिलांची यादी तिथे दिली आहे.

माझा हा मेल पत्ता आणि कंपनीचा मोबाइल आज संध्याकाळी बंद होतील. माझ्याशी बोलायचं असेल तर `naav.aadnaav@example.com` या पत्त्यावर लिहा. तुमचा स्वतःचा पत्ता किंवा नंबर त्यावर कळवलात तर मलाही तुम्हाला शोधता येईल. लोभ आहेच, तो वाढावा.’

पत्ता अर्थातच नमुन्यापुरता आहे. स्वाक्षरी त्यांनी काढून टाकली; खाली फक्त नाव. विषयाच्या ओळीत ‘शेवटचा दिवस’ एवढंच न लिहिता स्वतःचं नावही घातलं, कारण दोन वर्षांनी कुणी शोधेल तेव्हा नावानेच शोधेल. ‘चुकलं-माकलं’ गेलं. ठेवलं असतं तरी बिघडलं नसतं, पण ज्या एखाद्याशी खरंच वाजलं होतं त्याला हे वाक्य घाऊक मेलमध्ये वाचून काय वाटणार? त्याच्या टेबलापाशी जाऊन चहाला नेलेलं बरं. नवी कंपनी कुठली, पगार किती, हेही त्यात नाही. ज्याला जाणून घ्यायचंय तो विचारेल.

शेवटून दुसरं वाक्य या मेलमधलं सर्वांत कामाचं आहे. आपण आपला पत्ता देतो तो कंपनीच्या सर्व्हरवर. तो वाचणारा सहकारी उद्या स्वतः नोकरी सोडतो, तेव्हा त्याची पेटीही बंद होते आणि तिच्यातला तुमचा पत्ताही जातो. आयटीत दर दोन-तीन वर्षांनी माणसं हलतात, तिथे हे रोज घडतं. पत्ता दोन्हीकडून हलला तरच टिकतो. म्हणून त्यांचा पत्ता मागावा, आणि ज्यांनी उत्तर दिलं त्यांना त्याच आठवड्यात वैयक्तिक पत्त्यावरून एक ओळ लिहावी. मग दोघांच्याही खाजगी पेटीत एकमेकांचं नाव राहतं, आणि कुठल्याही एचआरला ते पुसता येत नाही.

यातलं काहीही करण्याआधी स्वतःच्या पत्त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. कंपनीच्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅप चालवणारी माणसं विक्री विभागात ढिगाने असतात. सिम परत देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधून नंबर बदलून घ्यावा, म्हणजे गप्पा आणि ग्रुप नव्या नंबरवर येतात. आधार, बँक आणि पीएफला तो नंबर जोडलेला असेल तर तेही. लिंक्डइन ऑफिसच्या मेलवर उघडलेलं असेल तर आत शिरून वैयक्तिक मेल मुख्य करावा. नाहीतर पासवर्ड विसरल्या दिवशी तो बदलण्याची लिंक जाईल त्या पेटीत, जी आता तुमची नाही.

आणि हाच पत्ता पगार विभागालाही लेखी कळवा. पगारातून कापलेल्या प्राप्तिकराचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म १६ म्हणतात, ते आर्थिक वर्ष संपल्यावर जूनमध्ये निघतं. सप्टेंबरात नोकरी सोडलेल्या माणसाचं प्रमाणपत्र नऊ महिन्यांनी तयार होतं आणि नोंदीत असेल त्या पत्त्यावर जातं.